लोडवर सेन्सर ४२ दाखवतो, मग पॅकच्या आत किती?

प्रश्न: नमस्कार. बेळगावात उद्यमबागला माझं छोटं दुकान आहे, स्कूटरचे पॅक बांधतो. ३२७०० एलएफपी सेल, २०एस ५पी, ६४ व्होल्ट ३० एएच. नवीन पॅक लोड बँकेवर ७५ अँपिअरने १२ मिनिटं चालवला. सुरुवातीला ३२ डिग्री होतं, बारा मिनिटांनी बीएमएस ४२ दाखवत होता. लोड बंद केला तर आकडा उतरायच्या ऐवजी चढायलाच लागला. आधी भरभर, मग हळूहळू, वीसेक मिनिटांत ४७. व्होल्टेज लोडवर मधल्या टप्प्यात ६१.३ होतं, लोड काढून अर्ध्या तासाने ६५.९. सेन्सर बाहेरच्या ओळीवर, बार्ली पेपरच्या वर चिकटवलाय आणि त्यावर पीव्हीसी स्लीव्ह. सेन्सर खराब आहे का? आत खरं किती असेल?

उत्तर:

सेन्सर काढून फेकू नका, तो चांगला आहे. पॅक थंड असताना तो ३२ दाखवत होता, म्हणजे दुकानातल्या हवेशी जुळत होता. दहा-के थर्मिस्टर बिघडला की असा नेमका लोडवर बिघडत नाही. बसल्या जागीच काहीतरी अचाट दाखवतो, किंवा वायर तुटली तर बीएमएस उणे चाळीस वगैरे दाखवून मोकळा होतो. तुमचा सेन्सर स्वतःचं तापमान बरोबर सांगतोय. फक्त ते सेलचं तापमान नाही, एवढंच. शर्टावरून थर्मामीटर लावून ताप बघितल्यासारखं झालंय.

तुम्ही लोडवरचं आणि विश्रांतीचं, दोन्ही व्होल्टेज लिहिलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसतं तापमान लिहितात आणि मग अंदाजाचे पतंग उडवत बसावं लागतं. काही गोष्टी मात्र मला माहीत नाहीत. सेल होल्डरमध्ये आहेत की एकमेकांना चिकटवलेत, डबा पत्र्याचा आहे की टेस्ट उघड्या टेबलावर झाली, जवळ पंखा चालू होता का. त्यामुळे खालचे काही आकडे हिशेबाचे आणि काही अंदाजाचे आहेत. कुठला कसला ते सांगत जातो.

पहिल्यांदा किती उष्णता तयार झाली ते काढू. इथे बरेच जण आयआर मीटरचा आकडा घेतात. ३२७०० सेलला मीटर सहा-सात मिलिओहम दाखवतो, त्याला १५ अँपिअरच्या वर्गाने गुणलं की दीड वॉट येतो आणि माणूस निवांत होतो. पण तो मीटर एक किलोहर्ट्झच्या एसी सिग्नलवर मोजतो. बारा मिनिटं सलग डीसी करंट ओढल्यावर सेलच्या आत जी ओढाताण होते, म्हणजे आयन इलेक्ट्रोलाइटमधून आणि कणांच्या आत सरकताना जो अडथळा येतो, तो त्या मीटरला दिसतच नाही. म्हणून मी मीटर बाजूला ठेवतो आणि व्होल्टेजवरून काढतो. विश्रांतीचं व्होल्टेज वजा लोडवरचं व्होल्टेज, गुणिले करंट. तुमचं ६५.९ वजा ६१.३ म्हणजे ४.६ व्होल्ट. गुणिले ७५ म्हणजे ३४५ वॉट. शंभर सेल आहेत, म्हणजे सेलमागे साधारण साडेतीन वॉट. मीटरच्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त.

बर्नार्डी, पावलिकोव्स्की आणि न्यूमन यांनी १९८५ साली बॅटरीच्या उष्णतेचं जे समीकरण मांडलं, त्याचा मुख्य भाग हाच आहे. त्यात आणखी एक पद असतं, सेल चार्ज-डिस्चार्ज होताना एंट्रॉपी बदलते त्याचं. पण अडीच सीच्या डिस्चार्जला एलएफपीत ते लहान असतं, आपल्या कामाला सोडून दिलं तरी चालतं. या ३४५ वॉटपैकी थोडे निकेल पट्टीत आणि मेन वायरीत गेले असतील, कारण व्होल्टेज तुम्ही टर्मिनलवर मोजलं असणार. म्हणून ही वरची मर्यादा धरा.

आता ही उष्णता गेली कुठे? एका ३२७०० सेलचं वजन १४० ग्रॅमच्या आसपास. असा सेल एक डिग्रीने तापवायला साधारण १४० ज्यूल लागतात. शंभर सेलना १४,००० ज्यूल. तुम्ही ३४५ वॉट ७२० सेकंद दिले, म्हणजे जवळजवळ अडीच लाख ज्यूल. भागाकार केला की साडेसतरा डिग्री. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं तर पॅक ३२ वरून साडेएकोणपन्नासला पोचायला हवा. पॅकच्या पोटातल्या सेलची उष्णता बारा मिनिटांत खरंच कुठे जात नाही. चारी बाजूंचे शेजारी तेवढेच तापलेले, मग ती देणार कुणाला? म्हणून मधल्या सेलचं तापमान मी ४८ ते ५० च्या दरम्यान धरतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. बीएमएस ४२ म्हणत होता तेव्हा मध्ये ४९ च्या आसपास होतं.

राहिला सात डिग्रीचा फरक. यातला किती सेलच्या गाभ्याचा आणि किती बाकीचा, हे नीट बघू, कारण बरेच लोक सगळा दोष सेलच्या गाभ्यावर टाकून मोकळे होतात.

सेलच्या आत गाभा आणि पत्रा यांत फरक पडतो, हे खरं आहे. जेली रोल म्हणजे तांब्याचा आणि अॅल्युमिनिअमचा फॉइल, त्यावरचा लेप आणि मध्ये प्लास्टिकचा सेपरेटर, अशी लांबलचक गुंडाळी. मधून बाहेर यायचं तर उष्णतेला एकेक थर ओलांडावा लागतो आणि प्रत्येक फेऱ्यात सेपरेटर आडवा येतो. त्यामुळे त्रिज्येच्या दिशेने उष्णतावहन फार वाईट असतं, मीटर-डिग्रीला एक वॉटच्याही खाली. लांबीच्या दिशेने मात्र फॉइल सलग असतो, तिथे हाच आकडा वीस-तीसच्या घरात जातो. म्हणून सेलच्या कडेपेक्षा त्याचा तळ गाभ्याच्या जास्त जवळचा असतो. हे लक्षात ठेवा, पुढे सेन्सर लावताना लागेल.

हिशेब असा: सेलमध्ये सारखी उष्णता तयार होते आणि ती सगळी कडेने बाहेर जाते असं धरलं, तर गाभा आणि पत्रा यांतला फरक म्हणजे उष्णतेचे वॉट भागिले (४ × पाय × वहनक्षमता × सेलची लांबी). साडेतीन वॉट, वहनक्षमता ०.६ आणि लांबी ७ सेंटिमीटर घातली की साडेसहा डिग्री येतात. बघणारा म्हणेल, झालं की, सात डिग्रीचा हिशेब लागला! पण थांबा. 'ती सगळी कडेने बाहेर जाते' ही अट तुमच्या पॅकला लागू होत नाही.

तापमानात फरक पडतो तो उष्णता वाहत असेल तिथेच. तयार झालेली उष्णता जिथल्या तिथे सेल तापवण्यात खर्च होत असेल, तर गाभा आणि पत्रा दोन्ही बरोबरच तापत जातात. त्यांच्यात फरक पडायला काही कारण उरत नाही. तुमच्या मधल्या सेलचं तेच झालंय. त्याच्या गाभ्यात आणि पत्र्यात फार तर एखाद्या डिग्रीचा फरक असेल. बाहेरच्या ओळीतला सेल एका बाजूने हवेला थोडी उष्णता देतो, पण स्थिर हवेत, पंधरा डिग्रीच्या फरकाला, सेलची अर्धी कड उघडी असली तरी अर्धा वॉटसुद्धा जात नाही. तिथेही गाभा-पत्रा फरक एक डिग्रीच्या आसपासच. थोडक्यात, तुमच्या या टेस्टमधला बहुतेक फरक सेलच्या पत्र्याच्या बाहेर पडलाय.

तो दोन ठिकाणी पडलाय. पहिलं ठिकाण म्हणजे मधला सेल आणि बाहेरचा सेल यांच्यामधलं अंतर. शंभर सेल दहा बाय दहा मांडले असतील तर ३६ कडेला येतात आणि ६४ आत. होल्डर असेल तर दोन सेलांच्या मध्ये दीड-दोन मिलिमीटर हवा राहते. हवा म्हणजे चांगलं इन्सुलेशन. माझ्या हिशेबाने शेजारच्या सेलला एका डिग्रीच्या फरकाला जेमतेम एक दशांश वॉट पोचतो. समोर १४० ज्यूलचा सेल. म्हणजे मधल्या सेलची बातमी शेजाऱ्याला कळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बारा मिनिटांच्या टेस्टमध्ये बाहेरच्या ओळीला ती पुरती कळलेलीच नसते. बाहेरचा सेल स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि वर हवेला देतो, म्हणून तो दोन-तीन डिग्री मागे राहतो.

दुसरं ठिकाण सेलचा पत्रा आणि थर्मिस्टरचा मणी यांच्यामध्ये. तुमच्याकडे तिथे सेलची स्वतःची स्लीव्ह आहे, मग बार्ली पेपर, मग बहुधा कॅप्टॉन टेप, मग मण्याचा स्वतःचा एपॉक्सी. दुसऱ्या बाजूला बाहेरची पीव्हीसी स्लीव्ह आणि हवा. मणी दोघांच्या मध्ये बसलाय. सेलकडून त्याला उष्णता मिळते आणि हवेकडे ती जाते. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे पटकन कळेल: हा सरळसरळ व्होल्टेज डिव्हायडर आहे, फक्त व्होल्टेजच्या जागी तापमान. सेलकडचा अडथळा जितका जास्त, तितका मणी हवेकडे झुकतो. मण्याच्या दोन तांब्याच्या वायरीसुद्धा उष्णता ओढून नेतात. त्या सरळ बाहेर हवेत काढल्या असतील तर आणखी एखादी डिग्री तिथे जाते.

या डिव्हायडरचा एक परिणाम आपल्या भागात दिसतो तो असा. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे हवा बावीस-तेवीसला असते, त्यात स्कूटरला वारा लागतो. तोच पॅक, तेच करंट, मधल्या सेलचं तापमानही तेवढंच, पण सेन्सर आणि मधला सेल यांतला फरक मे महिन्यातल्या टेस्टपेक्षा मोठा निघतो, कारण मणी ज्या हवेकडे झुकतोय ती जास्त थंड आहे आणि वाऱ्यामुळे जास्त जवळ आलीय. म्हणून बंद दुकानात मोजलेला फरक रस्त्यावर तसाच लागू पडेल असं धरू नका.

डिव्हायडरशिवाय मण्याला वेळही लागतो. तुमचा पॅक मिनिटाला साधारण दीड डिग्री चढत होता. समजा मण्याला सेलच्या बदलाशी जुळवून घ्यायला सव्वा मिनिट लागतं. मग तो चढताना कायम दीड गुणिले सव्वा, म्हणजे दोनेक डिग्री मागेच राहणार. चढ थांबला की तो गाठतो. तुम्ही 'आधी भरभर' लिहिलंय ते हेच. आणि 'मग हळूहळू' म्हणजे मधल्या सेलची बातमी बाहेर पोचतेय. लोड काढल्यावरच्या चढाचे हे दोन तुकडे वेगळे करता येतात म्हणून मला ही टेस्ट आवडते. पहिल्या दोन मिनिटांतला चढ मण्याच्या चिकटवण्याबद्दल सांगतो, पुढच्या पंधरा-वीस मिनिटांतला पॅकच्या मांडणीबद्दल. पुढच्या वेळी दर तीस सेकंदांनी आकडा लिहून ठेवा, म्हणजे तुकडा कुठे मोडतो ते नेमकं दिसेल.

मग सात डिग्रीची वाटणी माझ्या अंदाजाने अशी: दोनेक डिग्री मण्याचा उशीर, अडीच-तीन मधला आणि बाहेरचा सेल, आणि उरलेले दोन-अडीच डिव्हायडरचे, म्हणजे कितीही थांबलात तरी भरून न येणारे. शेवटी आकडा ४७ वर थांबला म्हणून 'आत जास्तीत जास्त ४७ होतं' असं मात्र समजू नका. त्या वीस मिनिटांत पॅकने हवेला उष्णता दिलीय आणि मधल्या सेलने शेजाऱ्यांना. सेन्सर टोकाला पोचला तोपर्यंत मधला सेल आपल्या टोकावरून खाली उतरलेला असतो.

आता गाभ्याच्या फरकाकडे परत येतो, कारण तो तुमच्या या पॅकमध्ये लहान असला तरी पुढच्या पॅकमध्ये असेलच असं नाही. समजा गिऱ्हाइकाने तक्रार केली म्हणून तुम्ही सेलच्या बाजूने अॅल्युमिनिअमची प्लेट लावली आणि पंखा बसवला. आता उष्णता खरोखर कडेने बाहेर वाहायला लागली. म्हणजे मघाची अट पूर्ण झाली आणि ते साडेसहा डिग्री खरे झाले. पत्रा थंड, सेन्सर खूश, आणि गाभा त्याच्या साडेसहा डिग्री वर. सेल जुना होऊन त्याचा डीसी अडथळा दुप्पट झाला तर तेवढ्याच करंटला तेरा. यातला बराचसा फरक उभा राहायला दोन-तीन मिनिटं पुरतात, त्याला वीस मिनिटं लागत नाहीत. थंड करणं वाईट नाही, गाभासुद्धा आधीपेक्षा खालीच येतो. पण सेन्सर त्याहून जास्त खाली येतो आणि दोघांतलं अंतर वाढतं. सेन्सर थंड केलेल्या बाजूला चिकटवला तर विचारूच नका, तो प्लेटचंच तापमान सांगत बसतो. थंड करायचंच असेल तर शक्यतो तळाकडून करा. त्या दिशेने गाभ्याची उष्णता सहज येते.

सेन्सर कुठे लावायचा? पॅक बांधतानाच एक सेन्सर मधल्या ओळीतल्या, चारी बाजूंनी वेढलेल्या सेलच्या कडेला लावा. होल्डरच्या वर-खाली नव्हे, सेलच्या अंगावर, दोन सेलच्या फटीत, उंचीच्या मध्यावर. फटीत हवेचा प्रवाह नसतो आणि दोन्हीकडे तापलेले सेलच असतात, त्यामुळे डिव्हायडरची हवेची बाजू जवळजवळ संपते. मणी थर्मल ग्लूच्या थेंबात बुडवा, नुसत्या टेपने दाबू नका. टेप तापून सैल झाली की मणी अर्धा मिलिमीटर उचलला जातो आणि तेवढ्या हवेने सगळा हिशेब बिघडतो. वायर पहिले तीन-चार सेंटिमीटर सेलच्या अंगालगत न्या आणि मग बाहेर काढा, म्हणजे वायरीने ओढलेली उष्णता सेलमधूनच येईल, मण्यातून नाही. बाहेरचा सेन्सर आहे तिथेच राहू द्या. दोघांतला फरक हीच कामाची माहिती आहे.

तळाला लावलेला सेन्सर गाभ्याच्या जास्त जवळचं सांगतो हे खरं, पण तिथे निकेल पट्टी असते आणि ती स्वतः तापते. पट्टीवर लावला तर कधी सेलपेक्षा जास्तही दाखवेल. मोठ्या प्रिझमॅटिक सेलच्या बसबारवर लावलेल्या सेन्सरचं नेहमी असंच होतं. ढिल्या नटाची उष्णता सेलच्या नावावर चढते.

एक सूचना, आणि ही कृपा करून टाळू नका. टेस्टसाठी थर्मोकपल वापरणार असाल तर त्याचं टोक उघडं असतं. सेलचा पत्रा म्हणजे त्या सेलचं निगेटिव्ह. एक थर्मोकपल तिसऱ्या सिरीजमधल्या पत्र्यावर, दुसरं अठराव्यातल्या पत्र्यावर आणि दोन्ही एकाच स्वस्त मल्टिचॅनल मीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या आतून पंधरा सेल शॉर्ट. स्लीव्हच्या वर कॅप्टॉनचा एक वेढा द्या, मग टोक चिकटवा. त्याने थोडा उशीर वाढतो, वाढू दे.

आता सेटिंग. बहुतेक एलएफपी सेलच्या डेटाशीटवर डिस्चार्जला ६० आणि चार्जिंगला ४५ डिग्री ही वरची मर्यादा असते. तुमची शीट बघून घ्या, काही उत्पादक चार्जिंगला थोडी जास्त मुभा देतात. ती मर्यादा सेलसाठी असते, तुमच्या मण्यासाठी नाही. मधल्या फटीत सेन्सर असेल तर मी डिस्चार्ज कट ५५ ला ठेवतो. फक्त बाहेरचाच सेन्सर असेल तर सर्वांत जास्त सलग करंटला मोजलेला फरक ६० मधून वजा करायचा आणि वर दोन-तीन डिग्री पावसाळ्याच्या. तुमच्या पॅकला ते पन्नासच्या आसपास येतं. गिऱ्हाईक म्हणेल, वंटमुरी घाटात गाडी बंद पडते. पडू दे. करंट कमी करणारा कंट्रोलर असेल तर ४६-४७ लाच करंट उतरवायला सांगा, म्हणजे गाडी बंद पडायची नाही, नुसती मंदावेल. करंट वीस टक्क्यांनी कमी केला की उष्णता छत्तीस टक्क्यांनी कमी होते.

चार्जिंगची गोष्ट जास्त फसवी आहे. निपाणीच्या बाजूचा एक पॅक माझ्याकडे आला होता. तक्रार अशी की घरी आल्याबरोबर चार्जर लावला तर दहा-पंधरा मिनिटांनी चार्जिंग आपोआप बंद पडतं, रात्री उठून परत लावलं की नीट होतं. आधी दोघांनी चार्जर बदलून दिला होता. बघितलं तर तुमच्यासारखंच: सेन्सर बाहेर, स्लीव्हखाली. गाडी चढ चढून घरी आली तेव्हा सेन्सर चाळीसच्या थोडं वर, बीएमएसच्या मते ४५ च्या आत, म्हणून चार्जिंग सुरू. प्रत्यक्षात मधले सेल तेव्हाच पंचेचाळीसच्या वर होते. पुढच्या पंधरा मिनिटांत आतली उष्णता बाहेर येऊन सेन्सर ४५ ला पोचला आणि तेव्हा कुठे बीएमएसने चार्जिंग तोडलं. म्हणजे ज्या पंधरा मिनिटांत सेल सर्वांत जास्त तापलेले होते नेमक्या त्याच पंधरा मिनिटांत चार्जिंग चाललं आणि ते निवल्यावर बंद पडलं. चार्जर तिथे निर्दोष होता. सेन्सर आत हलवला, मग चार्जिंग सुरुवातीलाच थांबायला लागलं आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुरू व्हायला लागलं.

सेन्सर आत नेला तरी दोन गोष्टी त्याला कळत नाहीत, त्या सांगून ठेवतो. एक म्हणजे झटका. दुप्पट करंट वीस सेकंद ओढला तर उष्णता चौपट होते आणि तुमच्यासारखा सेल त्या वीस सेकंदांत दोन डिग्री चढतो. तोवर मण्याला काही पत्ता लागत नाही. असे झटके लागोपाठ बसले तर बेरीज त्याला दिसते, एकेक दिसत नाही. त्यासाठी बीएमएसची करंट आणि वेळ ही मर्यादाच कामाची. तापमानाचा सेन्सर त्या कामाचा नव्हे.

दुसरी गोष्ट वेल्डिंगची. पाच समांतर सेलमधल्या एकाचा स्पॉट वेल्ड सुटला की उरलेले चार प्रत्येकी पावणेएकोणीस अँपिअर ओढतात आणि त्यांची उष्णता जवळजवळ छप्पन टक्क्यांनी वाढते. सुटलेला सेल मात्र थंडगार. सेन्सर दुसऱ्या ग्रुपवर असेल तर त्याला हे कळणार नाही आणि नेमका सुटलेल्या सेलवर असेल तर तो उलटंच सांगेल. हे व्होल्टेजमध्ये दिसतं. लोडवर तो ग्रुप बाकीच्यांपेक्षा लवकर खाली बसतो. म्हणून टेस्ट करताना ७५ अँपिअरवर वीसही ग्रुपांचं व्होल्टेज अॅपमध्ये एकदा तरी बघा. एक ग्रुप चाळीस-पन्नास मिलिव्होल्ट खाली असेल तर आधी तो उघडा.

पुढचा पॅक बांधताना मधल्या फटीत दुसरा सेन्सर घाला, हीच टेस्ट परत करा आणि दोन्ही सेन्सरचे तीस-तीस सेकंदांचे आकडे लोड काढल्यानंतर अर्धा तासापर्यंत लिहून इथे टाका. सेल कसे मांडलेत त्याचा फोटोही टाका, म्हणजे मधला-बाहेरचा फरक मी अंदाजाने सांगितलाय तो प्रत्यक्ष आकड्यांवरून दुरुस्त करता येईल. तोवर आत्ताच्या पॅकला डिस्चार्ज कट ५० आणि चार्जिंग कट ३८ ठेवा. उन्हाळ्यात चार्जिंग उशिरा सुरू होतं अशी कुरकुर येईल, ती ऐकून घ्या.